ग्लू पुसला तरी डाग परत का येतो? टेबल, स्टील आणि कापडावरचा वाळलेला वुड ग्लू आणि सुपर ग्लू काढताना

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. टेबलावर सुपर ग्लूचा थेंब वाळून बसलेला असतो. नेलपॉलिश रिमूव्हर लावून तो घासला जातो. ओलं असेपर्यंत जागा स्वच्छ दिसते आणि पाच मिनिटांनी तिथेच, आधीपेक्षा मोठा, पांढुरका पट्टा उमटतो. पुन्हा घासलं की पुन्हा तेच. वुड ग्लूच्या बाबतीत गरम पाण्याच्या फडक्याने पुसून झालं असं वाटतं, पण लाकूड वाळल्यावर बोटाला गुळगुळीत पापुद्रा लागतो, आणि पॉलिश मारलं की नेमकी तेवढीच जागा फिकट राहते.

दोन्हीकडे घडतं ते एकच. ग्लू तिथून गेलेला नसतो, पातळ होऊन पसरलेला असतो. ॲसिटोनमध्ये सुपर ग्लू मऊ पडतो आणि हळूहळू विरघळतो, पण ॲसिटोन काही क्षणांत उडून जातं. त्यात विरघळलेला ग्लू मात्र उडत नाही. तो होता तिथेच, नाहीतर फडक्याने जिथवर ओढला तिथवर, पुन्हा वाळतो. वुड ग्लू पाण्याने फुगतो आणि दुधाळ होतो, आणि तो वेळेत उचलला नाही तर पाणी निघून गेल्यावर परत त्याच जागी कडक होतो. म्हणून खरं काम ग्लू विरघळवण्याचं नाही. तो मऊ करायचा आणि मऊ असतानाच तिथून उचलून बाहेर काढायचा. खाली सांगितलेली प्रत्येक कृती याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी ग्लू कोणता ते ओळखा

बाटली समोर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर नख आणि पाणी पुरतं.

पांढरा वुड ग्लू म्हणजे पाण्यात मिसळलेलं पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. पाणी उडालं की तो घट्ट होतो, पण काचेसारखा कडक कधीच होत नाही. जाड थेंबावर नख दाबलं तर किंचित खूण उमटते. त्याच्यावर कोमट पाण्याचा एक थेंब ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. पारदर्शक झालेला ग्लू पुन्हा पांढरा दिसू लागला आणि कडेने रबरासारखा सुटू लागला, तर तो वुड ग्लूच. पाणी सहन करणारे वुड ग्लूही मिळतात. ते फार उशिरा आणि फार थोडे मऊ पडतात, त्यामुळे तासाभरानेही फरक दिसला नाही तर पाण्यावर वेळ घालवू नका, खरवडण्याकडे वळा.

सुपर ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने तो घट्ट होतो. वाळल्यावर तो कडक आणि ठिसूळ असतो, नख त्यावरून घसरतं, टोकाने दाबल्यास कपचा उडतो. पाण्याच्या थेंबाने त्याच्यात काही बदल होत नाही.

तिसरा एक प्रकार गोंधळ घालतो: पिवळसर, आत बुडबुडे असलेला, फुगून बाहेर आलेला ग्लू. तो पॉलियुरेथेनचा असतो. एकदा वाळल्यावर त्याला ना पाणी मऊ करतं ना ॲसिटोन. तो फक्त कापून आणि खरवडून निघतो.

मग खाली काय आहे ते तपासा

नुकसान होतं ते जवळजवळ नेहमी इथे चुकल्याने. ॲसिटोनला लाकूड, काच किंवा स्टील यांचं वावडं नाही. पण लाकडावर जे पॉलिश चढवलेलं असतं त्यातली कितीतरी पॉलिशं त्याच ॲसिटोनमध्ये विरघळतात, आणि सुपर ग्लूपेक्षा लवकर विरघळतात. त्यामुळे थेंब निघायच्या आधी भोवतालची चकाकी निघून जाते.

टेबलाच्या पाटाच्या खालच्या बाजूला किंवा मागच्या पायाच्या आत, म्हणजे नजरेस न येणाऱ्या पण तेच पॉलिश असलेल्या जागी चाचणी घ्या. पाट खालून कोरा असेल तर पायाचीच निवड करा. कानकोरणीच्या टोकावरचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एका जागी दहा सेकंद टेकवा. जागा चिकट झाली आणि कापसाला तांबूस-पिवळा रंग लागला तर ते लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही तर तीच चाचणी ॲसिटोनने दुसऱ्या ठिकाणी घ्या. पृष्ठभाग मऊ पडून कापसाचे तंतू त्याला चिकटले तर ते लॅकर आहे. दोन्हींपैकी काहीही झालं, तर त्या टेबलावर ॲसिटोन वापरायचंच नाही, अगदी थेंबभरसुद्धा. दोन्ही चाचण्यांत काहीच बदल झाला नाही तर वर लॅमिनेट किंवा चांगलं घट्ट झालेलं पीयू पॉलिश असण्याची शक्यता आहे. लॅमिनेटला ॲसिटोनने काही होत नाही. पीयू काही सेकंद टिकाव धरतं, पण ओला कापूस त्यावर ठेवून दिला तर तेही मऊ पडून सुरकुततं.

प्लॅस्टिकवर ही चाचणीसुद्धा नको. ॲक्रिलिक, पॉलिस्टायरीन, पॉलिकार्बोनेट यांवर ॲसिटोनचा एक थेंब कायमची धूसर खूण किंवा बारीक तडे ठेवून जातो.

लॅकर पॉलिशच्या टेबलावर सुपर ग्लू

सगळ्यात अवघड प्रसंग हाच, त्यामुळे तो नीट पाहू. समजा, शर्टाच्या बटणाएवढा, साधारण एक मिलिमीटर जाडीचा थेंब आहे आणि चाचणीत पॉलिश लॅकर निघालं आहे. विद्रावक बाद झालं. उरतं ते हाताने काढणं, आणि त्यात एकच मोह टाळायचा असतो: थेंबाच्या कडेखाली पातं घालून उचकटायचा. सुपर ग्लू लॅकरला घट्ट धरून असतो. उचकटल्यावर तो बऱ्याचदा अख्खा सुटतो, पण खालचं लॅकरही सोबत घेऊन, आणि मागे लाकडापर्यंत गेलेला खड्डा राहतो. लॅकरचा थर साध्या कागदाच्या जाडीएवढाच असतो, तेव्हा तो वाचवायचा तर थेंब वरून कमी करत आणावा लागतो.

थेंबाच्या चारही बाजूंनी, अगदी कडेला लागून, मास्किंग टेप लावा. दोन बोटं रुंद पट्टा सगळीकडून झाकला पाहिजे. आता पॉलिश पेपर लागेल, पण हातात धरून नाही. बोटाखालचा कागद मधे खोलगट घासतो आणि कडेला निसटतो. खोडरबराएवढा लाकडाचा सपाट तुकडा घ्या, त्याला ३२० नंबरचा कागद गुंडाळा आणि फक्त थेंबाच्या माथ्यावरून, दाब न देता, छोट्या फेऱ्यांनी फिरवा. पांढरी भुकटी येऊ लागेल. ती सारखी झटकत राहा, नाहीतर कागद भरतो आणि घासण्याऐवजी तापवतो. तापला की ग्लू कागदाला चिकटून ओढला जातो.

काही वेळाने ठोकळा टेपला लागल्याचा बारीक फरक हाताला जाणवतो आणि टेपच्या कडेवर ओरखडे दिसू लागतात. इथे थांबायचं. याचा अर्थ थेंबाची जाडी आता टेपएवढीच उरली आहे. या टेपचा खरा उपयोग हाच: ती भोवतालचं पॉलिश तर जपतेच, शिवाय कुठे थांबायचं तेही सांगते.

टेप काढा. ८०० नंबरचा पाण्याचा कागद ठोकळ्याला लावा, वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि त्यात कागद बुडवून आठ-दहा फेऱ्या मारा. पुसून, वाळवून, खिडकीच्या उजेडात तिरकं बघा. उरलेला ग्लू आता भोवतीपेक्षा वेगळ्या छटेच्या बेटासारखा दिसतो, त्याची कड नखाला लागते. पुन्हा आठ-दहा फेऱ्या, पुन्हा पुसून बघणं. ओल्या पृष्ठभागावर सगळं सारखंच चकाकतं, म्हणून प्रत्येक वेळी पुसून बघणं हाच या कामाचा निम्मा भाग आहे. नखाला कड लागेनाशी झाली की १५०० नंबरवर जा आणि बेट दिसेनासं होईपर्यंतच घासा. पाण्यात लाकडाच्या रंगाची झाक दिसली तर लॅकर संपत आलं आहे, तिथल्या तिथे हात थांबवा.

आता जागा स्वच्छ पण मंद झालेली असेल. २००० नंबर ओला फिरवून, मग गाडीच्या रंगाला वापरतात तो रबिंग कंपाउंड मऊ सुती फडक्यावर मटारच्या दाण्याएवढा घेऊन घासला की चकाकी परत येते. टेबलाचं पॉलिश मुळात मंद असेल तर कंपाउंड वापरू नका, नाहीतर मंद टेबलावर एक चकचकीत गोल तयार होईल. तिथे १५०० वर थांबून थोडं फर्निचर मेण पुसलं तरी पुरतं.

लाखेच्या पॉलिशवरही हीच पद्धत चालते, मात्र पाणी अगदी कमी वापरायचं आणि लगेच पुसायचं, कारण पाणी साचलं तर लाख पांढरी पडते.

केस वाळवायच्या यंत्राने किंवा इस्त्रीने तापवून सुपर ग्लू सोडवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. त्याची पकड खरोखर सैल व्हायला साधारण ८० अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि तेवढ्या उष्णतेने लॅकर आधी मऊ होतं. शिवाय जास्त तापलेल्या सुपर ग्लूची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. लाकडी टेबलावर हा मार्ग नकोच.

लॅमिनेट आणि कोऱ्या लाकडावर सुपर ग्लू

लॅमिनेट असेल तर काम सोपं आहे. थेंबाच्या आकाराचा कापूस ॲसिटोनमध्ये भिजवून, ॲसिटोन ठिबकणार नाही इतका पिळून त्यावर ठेवा आणि वर जेवण झाकायची पातळ प्लॅस्टिक फिल्म पसरा. फिल्ममुळे ॲसिटोन उडत नाही आणि ग्लूवर काम करायला त्याला वेळ मिळतो. तीन ते पाच मिनिटांनी थेंबाचा वरचा थर जेलीसारखा होतो. तो जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने एकाच दिशेने ढकलून उचला, कार्ड लगेच पुसा आणि नवा कापूस ठेवा. जाड थेंबाला अशा तीन-चार फेऱ्या लागतात. शेवटचा पुसा मात्र कोऱ्या फडक्यावर ताजं ॲसिटोन घेऊन एकाच दिशेने मारायचा. तेच फडकं पुढेमागे फिरवलं की सुरुवातीला सांगितलेला पांढुरका पट्टा हमखास येतो.

पाटाच्या कडांपासून तीन-चार सेंटिमीटर लांब राहा. कडेच्या प्लॅस्टिक पट्टीला ॲसिटोन मऊ करतं, आणि ते फटीत शिरलं तर लॅमिनेट चिकटवलेला ग्लूही सैल होतो. मग काही दिवसांनी कड उचलली जाते आणि कारण लक्षात येत नाही.

कोऱ्या लाकडावर सुपर ग्लू छिद्रांत झिरपतो. ॲसिटोनने वरचा निघाला तरी पातळ झालेला ग्लू आणखी आत जातो. तिथे धारदार पटाशी सपाट धरून वरचा भाग तासायचा आणि उरलेला १२० पासून २२० नंबरपर्यंत घासून काढायचा हेच बरं. एक-दोन दशांश मिलिमीटर लाकूड जातं, ते जाऊ द्या. प्लायवूडवर मात्र वरचा शोभेचा पापुद्रा तेवढाच असू शकतो. तिथे घासण्याआधी कडेकडून पापुद्र्याची जाडी बघून घ्या.

वुड ग्लू: पॉलिशवर आणि कोऱ्या लाकडावर

पॉलिशवर पडलेला वुड ग्लू सुपर ग्लूच्या मानाने दयाळू असतो, कारण चकचकीत पॉलिशला त्याची पकड कमी असते. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं फक्त डागावर, घडी घालून ठेवा. दहा मिनिटांनी बघा. कड पांढरी होऊन उचलली जात असेल तर प्लॅस्टिक कार्डाने हळूच ढकला, बऱ्याचदा तो रबराच्या पापुद्र्यासारखा अख्खा निघतो. नसेल निघत तर आणखी दहा मिनिटं द्या. एकदम तासभर ओलं फडकं ठेवून निघून जाऊ नका. पाण्याचा अंश पॉलिशखाली शिरला की ढगासारखा पांढरा डाग येतो, आणि मग ग्लूऐवजी तो काढत बसावं लागतं. लाखेच्या पॉलिशवर पाच मिनिटांच्या छोट्या पाळ्या ठेवा. त्यात पाणी कोमटच हवं, गरम नाही.

कोऱ्या लाकडावर अडचण वेगळी असते. सांधा दाबताना बाहेर आलेला ग्लू ओल्या फडक्याने पुसला जातो आणि तिथेच चूक होते: पातळ झालेला ग्लू भोवतालच्या रेशांत शिरतो. वाळल्यावर तो दिसत नाही. पॉलिशचा किंवा रंगाचा पहिला हात मारला की लाकूड सगळीकडे रंग पितं, फक्त त्या पट्ट्यात पीत नाही, कारण तिथली छिद्रं ग्लूने बंद झालेली असतात.

म्हणून पॉलिश करण्याआधी सांध्याभोवतीची जागा स्पिरिटने किंवा टर्पेंटाइनने ओली करून बघा. ग्लू असलेले भाग फिकट राहतात, स्वच्छ लाकूड गडद होतं. फिकट भागांभोवती पेन्सिलने वेढा काढा, कारण वाळल्यावर ते पुन्हा दिसेनासे होतात. जाड थेंब आधी पटाशीने तासा. मग पाणी आणि पांढरा व्हिनेगर समप्रमाणात मिसळून, मिश्रण कोमट करून, फडक्याने वेढ्यात लावा आणि पंधरा मिनिटं ओलं ठेवा. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड वुड ग्लूला नुसत्या पाण्यापेक्षा लवकर मऊ करतं. नंतर ताठ नायलॉन ब्रशने रेशांच्या दिशेने घासा. ब्रश कोमट पाण्यात धूत राहा, म्हणजे सुटलेला ग्लू पुन्हा लाकडावर जाणार नाही, आणि प्रत्येक फेरीनंतर कोरड्या फडक्याने टिपून घ्या. दोन-तीन फेऱ्या झाल्या की लाकूड रात्रभर वाळू द्या. ओलाव्याने उभे राहिलेले रेशे १५० आणि मग २२० नंबरने बसवा, आणि स्पिरिटची चाचणी पुन्हा घ्या. वेढ्यात फिकट काही राहिलं नसेल तरच पॉलिशला हात घाला.

इथे ब्रशऐवजी लोखंडी तारेची घासणी कधीही वापरू नका. सागवान, ओक यांसारख्या लाकडांत टॅनिन असतं. ओल्या लाकडावर लोखंडाचा बारीकसा कण राहिला तरी टॅनिनशी मिळून निळसर काळा डाग पडतो, आणि व्हिनेगर सोबत असेल तर तो आणखी झपाट्याने पडतो. ग्लूचा डाग वरवर असतो, हा काळा डाग रेशांत उतरलेला असतो.

स्टील

उघड्या स्टीलवर फार विचार करावा लागत नाही. सुपर ग्लूसाठी लॅमिनेटसारखाच ॲसिटोनचा कापूस आणि वर फिल्म, फक्त वेळ दहा-पंधरा मिनिटांपर्यंत वाढवता येतो. छोटी वस्तू असेल तर झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवून तासभर ठेवली तरी चालते, मात्र तिला प्लॅस्टिकची मूठ किंवा रबराचा भाग नसावा. मऊ झालेला थर लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पात्याने काढा. वुड ग्लू गरम पाण्यात वीस मिनिटं बुडवला की सोलून निघतो. भांडं असेल तर शेवटी साबणाने धुवा. साध्या लोखंडाचं हत्यार असेल तर लगेच पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर रात्रीत गंज येतो.

खरचटणं टाळायचं तर स्टीलवरच्या रेघांकडे बघा. मंद दिसणाऱ्या स्टीलवर बारीक समांतर रेघा असतात. फडकं असो की पात, त्याच दिशेने चालवा. आडवा एक ओरखडा लांबूनही डोळ्यात भरतो. आरशासारख्या चकचकीत स्टीलवर पात अजिबात नको, फक्त भिजवणं आणि टिपणं.

रंग किंवा पावडर कोटिंग असलेलं स्टील हे स्टील समजू नका, ते पॉलिशच्या टेबलासारखं हाताळा. मोजपट्टीवरचे आकडे, यंत्रावरच्या खुणा ॲसिटोनच्या एका पुशात जातात.

कापड

ओल्या सुपर ग्लूबद्दल एक गोष्ट आधी. सुती कापडावर किंवा कापसाच्या बोळ्यावर ओला सुपर ग्लू पडला तर तो फार वेगाने घट्ट होतो आणि त्या क्रियेत बरीच उष्णता निघते. ग्लू जास्त असेल तर धूर येतो आणि त्वचा भाजू शकते. म्हणून सांडलेला ओला थेंब सुती फडक्याने टिपू नका, कपडा अंगावर असेल तर लगेच त्वचेपासून लांब धरा आणि गार पाणी ओता. काढायचं काम तो पूर्ण वाळल्यावर सुरू करायचं.

वाळल्यावर कपड्याचं लेबल वाचा. ॲसिटेट, ट्रायॲसिटेट किंवा मोडॅक्रिलिक यांपैकी काही लिहिलं असेल तर ॲसिटोन नको, त्यात कापडाचा धागाच विरघळतो आणि भोक पडतं. कोट-जाकिटांचं चकचकीत अस्तर बऱ्याचदा ॲसिटेटचं असतं, म्हणून वरचं कापड सुती असलं तरी आतलं बघा. सुती, पॉलिएस्टर, नायलॉन, लोकर यांचे धागे ॲसिटोन सहन करतात. रंग टिकेल की नाही ते आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून आणि पांढऱ्या कापसाने दाबून कळतं.

कडक झालेली पुटी आधी कमी करा. बर्फ पिशवीत घालून दहा मिनिटं त्यावर धरा, म्हणजे ती आणखी ठिसूळ होते, आणि चमच्याच्या कडेने वरचे खवले उडवा. कापड दुमडून मोडायचा प्रयत्न करू नका. ग्लूत अडकलेले धागे त्याच्याबरोबर तुटतात आणि नंतर तिथे विरळ जागा राहते.

आता डाग उलटा करा. ग्लूची बाजू खाली, तिच्याखाली चार पदरी पांढरं सुती फडकं. ॲसिटोन मागच्या बाजूने, कापसाने दाबून सोडा, ओतू नका. ग्लू मऊ होऊन खालच्या फडक्यात उतरला पाहिजे. दर दोन मिनिटांनी खालच्या फडक्याची कोरी जागा डागाखाली आणा. हे विसरलं की खाली उतरलेला ग्लू परत कापडालाच चिकटतो. पाच-सहा फेऱ्या लागणं नेहमीचं आहे. ताठपणा जात आहे का ते बोटांत चोळून बघा, डोळ्यांनी नाही. ओल्या कापडावर ग्लू दिसतच नाही. पूर्ण मऊ झाल्यावर ॲसिटोन मोकळ्या हवेत उडून जाऊ द्या आणि मगच कपडा साबणाने धुवा.

वुड ग्लूचा कपडा कोमट पाण्यात भिजवा. पाण्याच्या निम्मा पांढरा व्हिनेगर घालून अर्धा ते एक तास राहू द्या. रेशीम आणि लोकर असेल तर पाणी जेमतेम कोमट हवं. नंतर ग्लू मऊ असतानाच बोथट सुरीच्या पाठीने ढकलून काढा आणि उरलेला जुन्या टूथब्रशने, विणीच्या दिशेने. साबणाने धुऊन झाल्यावर बोटाला ताठपणा लागत असेल तर इस्त्री करू नका आणि गरम हवेच्या यंत्रात वाळवू नका. वुड ग्लू उष्णतेने वितळतो आणि इस्त्रीच्या दाबाने धाग्यांच्या मधोमध जाऊन बसतो. सावलीत वाळवा, पुन्हा भिजवा.

ॲसिटोन हाताळताना

ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली पसरते आणि लांबच्या ज्योतीनेही पेट घेते. जवळ गॅस, उदबत्ती, गरम इस्त्री नको, खिडकी उघडी हवी. ब्लीच किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यासोबत ते कधीही मिसळू नका. ब्लीचसोबत विषारी वायू तयार होतो आणि पेरॉक्साइडसोबत स्फोटक पदार्थ. पातळ रबरी हातमोजे ॲसिटोनने लवकर मऊ पडतात, त्यामुळे ते सुजल्यासारखे झाले की बदला. नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचा असेल तर लेबलवर ॲसिटोन आहे का ते बघा. बिनॲसिटोनचा रिमूव्हर सुपर ग्लूवर खूपच हळू चालतो, आणि रंग-सुगंध-तेल घातलेला रिमूव्हर कापडावर स्वतःचाच डाग ठेवतो. वापरलेले बोळे बंद डब्यात टाकण्याआधी बाहेर मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळू द्या.